काचेच्या बरणीतलं लोणचं न फुटता, न गळता पोचवायचं असेल तर: पॅकिंग आणि कुरिअर निवडण्याची पद्धत

घरून लोणची, मुरांबे, चटण्या विकणाऱ्यांच्या तक्रारी दोन-तीनच प्रकारच्या असतात. बरणी फुटली, तेल गळलं, पार्सल आलंच नाही किंवा फार उशिरा आलं. यातल्या पहिल्या दोन तक्रारी बाहेरून सारख्या दिसतात, कारण ग्राहकाच्या हातात दोन्ही वेळा तेलकट खोकाच पडतो. पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. हे न ओळखता सगळ्यावर एकच उपाय, म्हणजे आणखी बबल रॅप, केला की खर्च वाढतो आणि गळती तशीच राहते.

म्हणून हा लेख एकाच मालावर आहे: कैरीचं तेलातलं लोणचं, ४०० ग्रॅमच्या तीन काचेच्या बरण्या, चिपळूणहून नागपूरला. जड, ठिसूळ आणि गळणारा असा हा माल आहे. हा नीट पोचवता आला की बाकीच्या वस्तूंचं पॅकिंग त्यातूनच कळतं.

आधी फुटलेलं पार्सल वाचायला शिका

ग्राहकाचा फोटो आला की पैसे परत की नवीन बरणी हा विचार नंतर करा. आधी फोटो नीट बघा. बरणी शाबूत आहे, पण लेबल तेलाने माखलंय आणि खोक्याचा तळ काळपट झालाय, तर दोष झाकणाचा किंवा भरण्याचा आहे. तिथे कुरिअरवाल्याचा काही संबंध नाही. बरणीचा बुडाचा भाग गोल तुटून निघालाय, तर पार्सल तळावर आपटलं आणि खाली गादी कमी पडली. दोन बरण्या पोटावर, एकमेकींच्या समोरच्या बाजूंनी तडकल्यात, तर त्या आतच एकमेकींवर आदळल्या. झाकण दबलंय, खोक्याचं वरचं पान आत गेलंय, तर वर कुणाचं तरी जड पार्सल होतं आणि तुमचा खोका ते पेलू शकला नाही.

या चार खुणांवरून पुढचं सगळं ठरतं. तक्रार आली की फोटोसोबत यातलं कोणतं कारण आहे ते लिहून ठेवायची सवय लावा.

गळती बरणी भरतानाच थांबते

गळतीचं पहिलं कारण कच्चं लोणचं. नुकतं घातलेलं लोणचं पाणी सोडतं, थोडं फसफसतं आणि आतला दाब वाढतो. ते घट्ट झाकणात बंद करून ट्रकमध्ये टाकलं की वाट मिळेल तिथून तेल बाहेर येणार. मोठ्या बरणीत ते पुरतं मुरून, बुडबुडे येणं थांबल्यावरच लहान बरण्यांत भरा. ग्राहक घाई करत असला तरी यात तडजोड नको. ऑर्डर घेतानाच पाठवायची तारीख सांगून टाका.

दुसरं कारण उष्णता. तेल दर दहा अंशांना साधारण ०.७ टक्के फुगतं. सकाळी पंचवीस अंशांत भरलेली बरणी मे महिन्यात बंद ट्रकमध्ये पन्नास अंशांपर्यंत तापली, तर ४०० मिली तेलाचं आकारमान सहा-सात मिलीने वाढतं, म्हणजे चहाचा जवळपास दीड चमचा. बरणी गळ्यापर्यंत भरली असेल तर या दीड चमच्याला जागाच नसते. वरून दीड सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. बरणी थोडी रिकामी वाटेल, पण वजन लेबलवर छापलेलंच असतं. ग्राहकाला अपुरी वाटू नये म्हणून थोडी मोठी बरणी घ्या.

तिसरं आणि सगळ्यांत जास्त दिसणारं कारण म्हणजे तेलकट काठ. लोणचं भरताना बरणीच्या तोंडाला, आट्यांना तेल लागतं, आणि तेल लागलेल्या काठावर झाकण कधीच नीट बसत नाही. रुंद तोंडाचं नरसाळं वापरा. भरून झालं की काठ आणि बाहेरच्या आट्या आधी कोरड्या सुती कापडाने आणि मग टिश्यूने पुसा. टिश्यूवर पिवळा डाग उमटायचा थांबेपर्यंत पुसायचं.

झाकणाबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. हाताने चालवायचं इंडक्शन सीलिंग मशीन ॲल्युमिनियमची चकती तापवून ती बरणीच्या तोंडाला चिकटवतं. ते प्लॅस्टिकच्या झाकणातून चालतं, पत्र्याच्या झाकणातून चालत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या बरणीची चकती काचेला धरत नाही. काचेसाठी वेगळी चकती मागावी लागते. म्हणजे काचेची बरणी आणि पत्र्याचं फिरकीचं झाकण असा तुमचा जोड असेल, तर ते मशीन घेऊन उपयोग नाही. त्याऐवजी आतून रबरासारखी मऊ कडी असलेलं चांगल्या प्रतीचं नवं झाकण घ्या, घट्ट फिरवा आणि त्यावर प्लॅस्टिकची श्रिंक पट्टी गरम हवेने बसवा. ही पट्टी गळती अडवत नाही. प्रवासातल्या थरथराटाने झाकण सैल होतं, ते ती रोखते, आणि बरणी वाटेत कुणी उघडली नाही हेही त्यातून दिसतं.

आता परीक्षा. भरलेली, बंद केलेली बरणी वर्तमानपत्राच्या पानावर उलटी ठेवा, उन्हाने तापणाऱ्या खोलीत, पूर्ण एक दिवस. मग तीच आडवी ठेवा, आणखी एक दिवस. कागदावर तेलाचा बारीकसा डागही उमटला, तरी ती झाकणं बाजूला ठेवा. झाकणांची नवी खेप आली की दर वेळी त्यातली पाच-सहा अशी तपासायची, कारण गळती बहुतेकदा एखाद्या खराब खेपेपासून सुरू होते.

इतकं करूनही एखादी बरणी गळणारच, असं धरून चला. प्रत्येक बरणी वेगळ्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून पिशवीचं तोंड सील करा किंवा टेपने बंद करा. एक गळली तर उरलेल्या दोन स्वच्छ राहतात आणि तक्रार तिन्हींची न होता एकीचीच होते.

माझं स्पष्ट मत असं की लांबच्या रोजच्या ऑर्डरसाठी खाद्यपदार्थांसाठीची पेट प्लॅस्टिकची जाड बरणी काचेपेक्षा बरी. काच भेटवस्तूच्या पॅकसाठी आणि जवळच्या गावांसाठी ठेवा. पण तुमचा ग्राहक काचेसाठीच जास्त पैसे देत असेल, तर पुढचा भाग काळजीपूर्वक वाचा.

खोक्याच्या आत

काचेच्या पार्सलचा नियम सोपा आहे: काच काचेला लागू नये, आणि काच खोक्याच्या भिंतीला लागू नये. पहिल्यासाठी पार्टिशन, दुसऱ्यासाठी गादी.

बरणीला बबल रॅपचे पूर्ण दोन वेढे द्या, फुगे आतल्या बाजूला ठेवून. रॅप बरणीपेक्षा दोन्हीकडे पाच-सहा सेंटीमीटर जास्त ठेवा आणि तो बुडाखाली व झाकणावर दुमडून चिकटवा. बहुतेक लोक पोटाला छान गुंडाळतात आणि बूड उघडंच ठेवतात, तर काच सगळ्यांत जास्त फुटते ती बुडालाच.

गुंडाळलेल्या तीन बरण्या एका ओळीत, मध्ये पुठ्ठ्याची पार्टिशन घालून, एका घट्ट आतल्या खोक्यात बसवा. आमच्या उदाहरणात बरणीचा व्यास साडेसात सेंटीमीटर आणि उंची अकरा आहे. पातळ रॅप धरून आतला खोका साधारण २६ × ९ × १२.५ सेंटीमीटरचा येतो. हा तीन प्लायचा चालेल. तो बाहेरच्या पाच प्लायच्या खोक्यात ठेवायचा, सहाही बाजूंना साडेतीन सेंटीमीटर जागा सोडून. म्हणजे बाहेरचा खोका ३३ × १६ × १९.५ सेंटीमीटरचा होतो.

त्या साडेतीन सेंटीमीटरमध्ये काय भरायचं? नुसती चुरगळलेली रद्दी सुरुवातीला घट्ट वाटते, पण ट्रकच्या हादऱ्यांनी ती बसते आणि दोन दिवसांनी आतला खोका हलायला लागतो. रद्दीच वापरायची असेल तर एकेक कागद घट्ट गोळा करून दाबून भरा आणि तळाला तरी बबल रॅपची किंवा फोमची घडी ठेवा. जाळीचा हनीकोम्ब कागद चांगला आहे, तो बसत नाही आणि ग्राहकालाही टाकून द्यायला सोपा जातो. खोका बंद करताना हलका दाब लागला पाहिजे, पण तो फुगता कामा नये. फुगलेल्या खोक्यावर दुसरं पार्सल सरळ बसत नाही आणि सगळा भार कडेवर येतो.

बंद केल्यावर खोका कानाजवळ धरून जोरात हलवा. आत काहीही सरकल्याचं जाणवलं तर उघडून पुन्हा भरा.

टेप दोन इंची, जाड, पॅकिंगचीच घ्या. मधल्या सांध्यावर एक पट्टी, दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, म्हणजे इंग्रजी एच अक्षरासारखी. वर आणि खाली दोन्हीकडे. पावसाळ्यात खोका दमट हवेनेच मऊ पडतो, तेव्हा जून ते सप्टेंबर बाहेरून प्लॅस्टिकची कुरिअर बॅग घाला आणि न वापरलेले खोके जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

जुना खोका पुन्हा वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. एकदा प्रवास झालेल्या खोक्याच्या घड्या मोडलेल्या असतात आणि तो भार पेलत नाही. त्याहून मोठा धोका जुन्या लेबलचा. त्यावरचा बारकोड मशीनने वाचला तर पार्सल भलत्याच गावाला जातं. काचेसाठी जुना खोका वापरूच नका. चटणीच्या पाकिटांसाठी वापरलात तर जुनं लेबल पूर्ण खरवडून काढा.

पत्त्याचं लेबल सर्वांत मोठ्या सपाट बाजूवर लावा, सांध्यावर नाही. बारकोडवर चकचकीत टेप मारू नका. पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आत, आतल्या खोक्यावर ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर हबमध्ये पार्सल उघडून पत्ता बघता येतो. "काच, सावकाश हाताळा" असं लिहा जरूर, पण त्यावर विसंबू नका. लहान पार्सलं गोणीत भरून ट्रकमध्ये जातात, आणि गोणीच्या आतलं स्टिकर कुणालाही दिसत नाही.

टेबलावरून पाडून बघा

पॅकिंग टिकेल की नाही हे ग्राहकाच्या घरी कळण्याऐवजी आपल्या स्वयंपाकघरात कळलं तर बरं. पार्सल तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी पद्धत आहे. साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडायचं: एकदा तळाच्या कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर, मग सहाही बाजूंवर. कोपरा निवडताना खोक्याचा चिकटवलेला उभा सांधा जिथे आहे तो घ्या, कारण तोच कच्चा असतो.

यासाठी न विकलेलं जुनं लोणचं भरा किंवा तितक्याच वजनाचं पाणी आणि वाळू. दहा पडण्यांनंतर उघडा. काच शाबूत हवी, झाकणाभोवती तेल नको आणि आतला खोका मूळ जागेवर हवा. काही फुटलं तर वर दिलेल्या चार खुणांशी ताडून बघा आणि तेवढंच दुरुस्त करा. बुडाला फुटलं असेल तर वरचा बबल रॅप वाढवून काय उपयोग? बरणी, खोका किंवा भरण यांपैकी काहीही बदललं की ही परीक्षा पुन्हा करायची.

खोक्याचं माप आणि बिल

इथे पॅकिंग आणि कुरिअर एकमेकांना भेटतात. कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात: काट्यावरचं आणि जागेचं. जागेचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेकदा ५००० ने भागायचं. दोन्हींतलं जास्त असेल ते धरतात आणि वरच्या अर्ध्या किलोपर्यंत नेतात. काही सेवांमध्ये ५००० ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात, आणि हा आकडा दरपत्रकात बारीक अक्षरांत असतो.

आपलं उदाहरण घेऊ. एक भरलेली बरणी: ४०० ग्रॅम लोणचं, २१० ग्रॅम काच, १० ग्रॅम झाकण. तिन्हींचे १,८६० ग्रॅम. आतला खोका, बाहेरचा खोका, रॅप आणि कागद मिळून ५४० धरू. एकूण २.४ किलो. जागेचं वजन ३३ × १६ × १९.५ भागिले ५०००, म्हणजे २.०६ किलो. काट्यावरचं जास्त आहे, बिल अडीच किलोचं. खोक्यात खोका घालूनही जागेचा भुर्दंड पडला नाही.

आता त्याच तीन बरण्या घरात पडलेल्या ३६ × २४ × २२ च्या खोक्यात टाकल्या तर? जागेचं वजन ३.८ किलो, बिल चार किलोचं. दीड किलो हवेचे पैसे, शिवाय मोकळी जागा जास्त म्हणून फुटण्याची शक्यताही जास्त. आणि आपला योग्य मापाचा खोका ४००० ने भागणाऱ्या कंपनीकडे दिला तर २.५७ किलो येतात, बिल तीन किलोचं. म्हणून "त्यांचा दर किलोला दहा रुपयांनी कमी आहे" हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका, आधी कितीने भागतात ते विचारा.

हे दर वेळी हाताने काढायची गरज नाही. गुगल शीटमध्ये बी, सी, डी या रकान्यांत मापं आणि ई मध्ये काट्यावरचं वजन किलोत भरा आणि हे सूत्र द्या:

```
=CEILING(MAX(B2*C2*D2/5000, E2), 0.5)
```

खोक्यांची दोनच मापं ठरवून ती एकगठ्ठा बनवून घ्या: तीन बरण्यांचा आणि सहा बरण्यांचा. खोके बनवणारे छोट्या ऑर्डरलाही मापाप्रमाणे देतात, फक्त किमान संख्या विचारून घ्या. पाठवण्याआधी प्रत्येक पार्सलचा काट्यावर एक फोटो आणि मोजपट्टी लावून एक फोटो काढा. हबमध्ये मशीनने वजन जास्त दाखवून जादा पैसे कापले गेले, तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि तेव्हा हे फोटोच कामाला येतात.

पॅकिंगवर किती खर्च परवडतो याचाही हिशोब घाला. समजा मालाची तुमची किंमत ३५०, कुरिअर १५० आणि पॅकिंग ४० रुपये. फुटलं तर पुन्हा पाठवायला ५४० रुपये जातात. सध्या वीस पार्सलांत एक फुटत असेल आणि चांगल्या पॅकिंगने ते थांबणार असेल, तर प्रत्येक पार्सलवर २७ रुपयांपर्यंत जास्त खर्च केला तरी तुम्ही तोट्यात नाही. चारशे पार्सलांत एकच फुटत असेल, तर आणखी रॅप गुंडाळणं थांबवा.

कुरिअर पिनकोडनुसार निवडा

"कोणतं कुरिअर चांगलं?" हा प्रश्न सगळ्या ग्रुपवर विचारला जातो आणि प्रत्येक कंपनीला तिथे शिव्याही पडतात आणि शाबासकीही मिळते. दोन्ही खरं असतं, कारण शेवटचं काम त्या त्या गावची शाखा करते. एकच कंपनी नागपूर शहरात उत्तम आणि गडचिरोलीच्या आतल्या गावात निकामी असू शकते.

म्हणून आधी तुमच्या ऑर्डरी पिनकोडच्या पहिल्या आकड्यांवरून वेगळ्या करा. ४० म्हणजे मुंबई, ठाणे, कोकणाचा काही भाग आणि ४०३ म्हणजे गोवा. ४१ मध्ये पुणे आणि दक्षिण महाराष्ट्र, चिपळूणही ४१५ मध्येच येतं. ४२ खानदेश आणि नाशिककडचा पट्टा, ४३ मराठवाडा, ४४ विदर्भ. बाकी राज्यं वेगळी. ज्या दोन-तीन गटांत तुमचे निम्म्याहून जास्त ग्राहक आहेत तिथे चांगलं कुरिअर शोधणं हे तुमचं खरं काम.

पर्याय तीन प्रकारचे आहेत. एक, पोस्ट. देशभरात १.६ लाखांहून अधिक टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. जिथे खासगी कुरिअर "तालुक्याला येऊन घेऊन जा" सांगतं, तिथे पोस्टमन दारात जातो. स्पीड पोस्टमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हातात देण्याची सोय घेता येते, नगाला पाच रुपये अधिक जीएसटी देऊन. "मिळालं दाखवतंय पण मिळालं नाही" ही तक्रार ज्या ग्राहकांकडून येते तिथे हे पाच रुपये सार्थकी लागतात.

दोन, स्वतःचं जाळं असलेल्या कंपन्या, जसं ब्लू डार्ट, डीटीडीसी, डेल्हिव्हरी. यांच्या गावातल्या शाखा बऱ्याचदा फ्रँचायझी असतात, त्यामुळे शाखा चालवणारा माणूस महत्त्वाचा. तीन, शिपरॉकेटसारखे मधले मंच, जिथे एकाच खात्यातून अनेक कंपन्या निवडता येतात. महिन्याला थोडीच पार्सलं असताना इथे दर बरा मिळतो आणि पिनकोडनुसार कंपनी बदलता येते. तोटा असा की तक्रार दोन पायऱ्यांतून जाते.

शाखेत जाऊन हे विचारा आणि उत्तर जमलं तर लेखी घ्या. तेल असलेला पदार्थ घेता का, आणि विमानाने की रस्त्याने? विमानात द्रव पदार्थांवर बंधनं असतात, त्यामुळे लोणचं बहुतेकदा रस्त्याने पाठवणंच सोपं. काच फुटली तर भरपाई मिळते का? अनेक कंपन्यांच्या अटींत काच, द्रव आणि नाशवंत माल भरपाईतून वगळलेला असतो, विम्याचे पैसे घेतले तरीसुद्धा. तुमची गाडी संध्याकाळी किती वाजता सुटते? सहाला सुटत असेल तर साडेसहाला दिलेलं पार्सल एक पूर्ण दिवस शाखेतच बसतं. आणि शेवटचा प्रश्न: नागपूरला तुमचीच माणसं डिलिव्हरी देतात की पार्सल दुसऱ्या कंपनीला सोपवता? जितके हात बदलतील तितक्या वेळा ते उचलून टाकलं जाणार.

मग चाचणी. प्रत्येक महत्त्वाच्या गटात दोन कंपन्यांमार्फत पाच-पाच पार्सलं पाठवा आणि शीटमध्ये लिहा: दिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, खोका कसा पोचला, किती फेऱ्या लागल्या, फोन न करता "ग्राहक घरी नव्हता" असा शेरा मारला का. पाच पार्सलांवरून कायमचा निकाल काढू नका, पण एखाद्या शाखेची पाचपैकी तीन पार्सलं कोपरे चेपून आली, तर सहावं तिच्याकडे देऊ नका. दिवाळीच्या आधीचे आठवडे चाचणीत धरू नका, तेव्हा सगळीकडेच ताण असतो.

पाठवायचा वारही महत्त्वाचा. लोणच्याचं पार्सल सोमवार ते बुधवार द्या. शुक्रवारी दिलेलं पार्सल रविवारी कुठल्यातरी गोदामात बसून राहतं, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामातला तो दिवस झाकणाची कठोर परीक्षा घेतो.

डिलिव्हरीच्या तक्रारी पत्त्यापासून सुरू होतात

पार्सल परत येण्याचं मोठं कारण अपुरा पत्ता आणि न उचललेला फोन. पॅक करण्याआधी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा: "ताई, तुमचं लोणचं उद्या निघतंय. पत्ता असा लिहितेय: … पिनकोड … जवळची खूण … दुसरा फोन नंबर … बरोबर आहे ना? कुरिअरवाल्यांचा फोन अनोळखी नंबरवरून येईल, तेवढा उचला." उत्तर आल्याशिवाय लेबल छापायचं नाही. या एका निरोपातून चुकलेला पिनकोड, बदललेलं भाड्याचं घर, आठवडाभर गावाला गेलेला ग्राहक, सगळं आधीच कळतं.

कॅश ऑन डिलिव्हरी काचेच्या मालावर शक्यतो देऊ नका. नाकारलेलं पार्सल परत येताना तोच प्रवास दुसऱ्यांदा करतं, आणि नागपूरला नीट पोचलेली बरणी चिपळूणला फुटून येऊ शकते. द्यायचंच असेल तर निदान कुरिअरचे पैसे आगाऊ घ्या.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं ट्रॅकिंग बघा. "डिलिव्हरी झाली नाही" असं दिसलं की त्याच दिवशी ग्राहकाला फोन करा आणि मग कुरिअरला दुसऱ्या दिवशीची वेळ कळवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर पार्सल आपोआप परतीच्या वाटेला लागतं, आणि तिथून ते फिरवणं फार अवघड जातं.

फुटलंच तर

खोक्यात एक चिठ्ठी घाला: खोका ओला किंवा चेपलेला दिसला तर उघडण्याआधी चारही बाजूंचे आणि लेबलचे फोटो काढा, मग आतले, आणि चोवीस तासांत पाठवा. फुटलेल्या किंवा तडकलेल्या बरणीतलं लोणचं, तुकडे दिसत नसले तरी, खाऊ नका, हेही त्याच चिठ्ठीत ठळक अक्षरांत असू द्या. सीलबंद पिशवीतली शाबूत बरणी वापरता येते, पण बाहेरून पुसूनच.

फोटोत तुटफूट स्पष्ट दिसत असेल तर ग्राहकाला कुरिअरच्या निर्णयाची वाट बघायला लावू नका. नवी बरणी लगेच पाठवा किंवा त्या बरणीचे पैसे परत करा. कुरिअरकडे दावा वेगळा चालवा आणि त्यासोबत बिल, पार्सल नंबर, काट्यावरचा आणि पॅकिंगचा फोटो, ग्राहकाचे फोटो एकदम द्या. दाव्याची मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी आणि बऱ्याचदा मोजक्या दिवसांची असते, ती तुमच्या शीटच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवा. अटींत काच वगळलेली असेल तर दाव्यामागे वेळ घालवू नका. पार्सल नंबरासमोर चारपैकी कारण लिहा, आणि त्याच शाखेच्या नावापुढे तेच कारण तिसऱ्यांदा आलं की त्या पिनकोड गटासाठी दुसरं कुरिअर लावा. कारण सगळ्याच शाखांत सारखं दिसत असेल, तर आधी खोका आणि झाकण तपासा.